सोयाबीनची उगवण घरी कशी तपासायची, हे पाच मिनिटांत सांगायचं असेल तर मजकूर कसा लिहावा

शेतकऱ्यानं शेतकऱ्यांना काही सांगायचं ठरवलं की माहिती कमी पडत नाही, ती उतू जाते. मोबाइल समोर लावून सोयाबीनवर बोलायला बसलेला माणूस नांगरटीपासून सुरुवात करतो, मग वाण सांगतो, खताचे डोस सांगतो, बोलता बोलता चक्रभुंग्यावर येतो. ऐकणारा तोवर कधीच पुढं सरकलेला असतो. बोलणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, फक्त काय सांगायचं नाही हे त्यानं आधी ठरवलेलं नसतं.

म्हणून इथं एकच काम घेतो: पेरणीच्या आधी घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर तपासणं. बोलणारे आहेत सांवेरकडचे एक काका, आठ बिघे सोयाबीन पेरणारे. घरात मराठी, शेतात माळवी आणि मंडीत हिंदी, असं इंदूर-देवास पट्ट्यातल्या बऱ्याच मराठी घरांत असतं तसंच त्यांचं. ऐकणारे दोन प्रकारचे आहेत. काही जवळपासचे मराठी शेतकरी, आणि काही लातूर-वाशिमकडचे पाहुणे, ज्यांच्या गटात हे रेकॉर्डिंग जाणार आहे. या दुसऱ्या लोकांमुळे मजकूर लिहिताना एक अडचण येते ती पुढं सांगतो.

आधी शेवट ठरवा

मजकुराचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी एक गोष्ट कागदावर लिहा: ऐकणाऱ्यानं ऐकून झाल्यावर काय ठरवायचं आहे? इथं त्यानं तीनपैकी एक ठरवायचंय. नेहमीएवढं बियाणं पेरायचं, थोडं वाढवून पेरायचं, की हे बियाणं पेरायचंच नाही. या निर्णयाला जे लागत नाही ते सगळं बाहेर. बीजप्रक्रिया महत्त्वाची आहे, पण ती दुसऱ्या दिवशीचं बोलणं. वाण कोणता, हा तर भांडणाचा विषय, त्याला हात लावूच नये.

एक कारण मात्र सांगावंच लागतं, नाहीतर सात दिवस खटाटोप करायचा कशाला, असं ऐकणाऱ्याला वाटतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं आणि अंकुर त्या सालाच्या लगेच आत असतो. थ्रेशर वेगात चालवला, भरलेलं पोतं ट्रॉलीतून आपटलं, पोत्यांची थप्पी छातीपेक्षा उंच रचली, की आतला अंकुर मार खातो. दाणा वरून चांगला दिसत राहतो. म्हणून सोयाबीनमध्ये डोळ्यांनी बघून बियाणं पास करता येत नाही. कारण एवढंच सांगायचं, चार वाक्यांत, आणि पुढं जायचं.

बोलण्याच्या आठ दिवस आधीची तयारी

उगवण कळायला सहा-सात दिवस लागतात आणि बोलणं पाच मिनिटांचं आहे. त्यामुळं ज्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं त्याच्या आठवडाभर आधी गुंडाळ्या भिजत घालाव्या लागतात. त्या तयार असतील तरच काकांना बोलता बोलता एक उघडून दाखवता येते. हे ज्यांच्या लक्षात येत नाही ते शेवटी "असे मोड येतात बघा" म्हणून मटकीचे मोड दाखवतात, आणि तिथंच ऐकणाऱ्याचा विश्वास जातो.

गुंडाळी कशी करायची ते मजकूर लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा हातानं करून बघावं. न करता लिहिलेल्या मजकुरात "ओल्या गोणपाटावर बियाणे ठेवावे" एवढंच येतं, आणि खरी गोची असते ती त्या 'ओल्या' शब्दात. किती ओलं? गोणपाट भिजवून पिळलं, मुठीत दाबलं की हाताला ओल लागते पण थेंब गळत नाही, इतकं. पाणी निथळत असेल तर सोयाबीन फुगून गुदमरतं आणि चांगलं बीही सडतं. मग शेतकरी म्हणतो बियाणं खराब, आणि चूक पाण्याची असते. दुसरी चूक गोणपाटाची. प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं पाणी धरत नाही. खत किंवा औषध ठेवलेलं पोतं तर अजिबात नको, कितीही धुतलं तरी. ताग लागतो, आणि तो स्वच्छ लागतो.

नमुना काढताना हात पोत्याच्या वर न थांबता खाली, मधे, कडेला गेला पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येक पोत्यात गेला पाहिजे. भिंतीला टेकलेलं पोतं आणि मोकळ्या हवेतलं पोतं यांत फरक पडतो. सगळ्या मुठी चादरीवर एकत्र करायच्या आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. "न निवडता" हे मजकुरात दोनदा यायला हवं, कारण हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडं जातो. अर्धुकं आणि काडीकचरा मात्र आधीच चाळून काढलेला असावा. जे बियाणं पेरणार तेच तपासायचं, त्यामुळं चाळणी आधी आणि तपासणी नंतर.

अशा शंभर-शंभर दाण्यांच्या तीन गुंडाळ्या करायच्या. एकाच गुंडाळीवर भरवसा ठेवला तर योगायोगानंही दहा दाण्यांचा फरक पडू शकतो. तिन्हींची सरासरी धरायची. तिन्हींतला एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब गेला, तर ती गुंडाळी कोरडी पडली होती किंवा पाण्यात बुडाली होती असं समजून पुन्हा करायची.

मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो. ओसरीत ठेवलेली गुंडाळी दुपारपर्यंत वाळते, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेली आतून तापते. माठ ठेवतो ती जागा सगळ्यांत बरी. सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडायचं, बादलीनं ओतायचं नाही.

मोजणीत जास्त वेळ घालवा

मजकुराचा जीव इथं आहे. पाच मिनिटांतली दोन मिनिटं मोजणीला दिली तरी चालतील, कारण भिजवणं सगळ्यांना जमतं आणि मोजणी बऱ्याच जणांची चुकते.

गुंडाळी उघडल्यावर मोड आलेला प्रत्येक दाणा माणूस "उगवला" म्हणून मोजतो. पण मोड येणं वेगळं आणि रोप होणं वेगळं. मोजायचं ते फक्त रोप होणारं. त्याला सरळ, पांढरं, न तुटलेलं मूळ असतं, वरच्या देठाला जोर असतो आणि दाण्याच्या दोन्ही डाळी शाबूत असतात. मूळ बोटभर न होता नुसता फुगीर गड्डा झालाय, मुळाचं टोक तपकिरी पडलंय, डाळीला आडवी चीर गेलीय, दाणा बुरशीनं गुरफटलाय, हे सगळे बाजूला. हे मातीत पडले तर वर येत नाहीत, आले तरी टिकत नाहीत.

काकांच्याच बियाण्याचं घ्या. तीन गुंडाळ्यांत मोड आलेले दाणे मोजले तर सरासरी शंभरातले ७८ निघाले. घरातल्या मुलांनी हाच आकडा सांगितला असता आणि काकांनी निर्धास्तपणे नेहमीचं बियाणं पेरलं असतं. पण तुटके, गड्डा झालेले आणि चीर गेलेले बाजूला काढल्यावर पहिल्या गुंडाळीत ६२ राहिले, दुसरीत ६६, तिसरीत ६४. सरासरी ६४. म्हणजे चौदा दाणे मोड दाखवून फसवणारे होते. मजकूर लिहिताना या चौदा दाण्यांसाठी जागा ठेवा. काकांनी एक चांगलं रोप आणि एक गड्डा झालेला दाणा शेजारी शेजारी तळहातावर घेऊन कॅमेऱ्याजवळ न्यायचाय आणि थोडा वेळ गप्प बसायचंय. इथं बोललं की बघणारा बघत नाही.

आकडा असा सांगा की डोक्यात बसेल

महाराष्ट्रात सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणं धरतात, आणि ते शंभरातले ७० दाणे उगवतील या हिशोबानं. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला उगवणीची किमान अट ७० टक्के आहे, ती हीच. उगवण कमी असेल तर ३० गुणिले ७०, म्हणजे २१०० ला आलेल्या आकड्यानं भागायचं. ६४ साठी हे ३२.८ किलो येतं.

पण हे सूत्र मजकुरात घालू नका. भागाकार ऐकून कुणी करत नाही. त्याऐवजी सोपा नियम आहे: सत्तरच्या खाली जेवढे दाणे कमी, तेवढे अर्धे किलो एकरी वाढवा. ६४ आले म्हणजे सहा कमी, सहा अर्धे म्हणजे तीन किलो, म्हणून एकरी ३३. सूत्रही जवळजवळ तेच सांगतं. ६० वर नियमानं ३५ येतात आणि सूत्रानंही नेमके ३५. साठच्या खाली मात्र नियम वापरायचा नाही, ते बियाणं पेरायचंच नाही. कारण तिथं प्रश्न नुसत्या संख्येचा राहत नाही. ज्या बियाण्यात चाळीसच्या वर दाणे मेलेत त्यातले जगलेलेही अशक्त असतात, आणि पोतंभर जास्त टाकून त्यांना जोर येत नाही.

आता ती अडचण. काका बिघ्यात बोलतात, पाहुणे एकर-गुंठ्यात. माळव्यात साधारण चार बिघ्यांचा हेक्टर धरतात, पण बिघा सगळीकडं सारखा नसतो. दोन्ही मापं एकाच मजकुरात आणली की ऐकणारा चुकीचा आकडा घेऊन उठतो. माझं मत असं की मजकुरात फक्त एकर ठेवावा. इंदूरच्या शेतकऱ्याला एकर कळतो, लातूरच्या शेतकऱ्याला बिघा कळत नाही. काकांचे आठ बिघे म्हणजे दोन हेक्टर, जवळपास पाच एकर. तिथं १५० किलोऐवजी १६५ किलो बियाणं लागणार, म्हणजे १५ किलो जास्त. हे मेच्या शेवटी कळलं तर शेजाऱ्याकडून आणता येतं. पेरणीच्या आदल्या दिवशी कळलं तर मंडीतलं जे मिळेल ते घ्यावं लागतं. तपासणी कधी करायची याचं उत्तर यातच आलं, वेगळं समजावत बसायला नको.

उलट बाजूही मजकुरात एका वाक्यात यावी. भीतीपोटी सरसकट दीडपट पेरणारे आमच्याकडं कमी नाहीत. झाडं दाटली की उंच होऊन लोळतात. त्यामुळं ८० उगवण आली तर जास्त पेरायची गरज नाही, हे सांगायलाच हवं.

मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी हेक्टरी आकडा खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या खरिपातल्या सल्ल्याशी ताडून घ्यावा. वाणाच्या दाण्याच्या आकारानं आणि ओळीतल्या अंतरानं तो थोडा वर-खाली होतो. उगवणीनुसार वाढवायची रीत तीच राहते.

बोलायची भाषा

इथं फार सांगायची गरज नाही. काका जेवताना जसं बोलतात तसं लिहायचं. "उगवणक्षमता चाचणी घेण्यात यावी" असं काका आयुष्यात म्हटलेले नाहीत. "उगवण बघून घ्या" म्हणतात. "टक्के" शब्द काढून "शंभरातले" घाला, कारण समोर शंभर दाणेच आहेत. मजकुरात आकडे अक्षरांत लिहा, नाहीतर वाचणारा आकड्यापाशी अडखळतो. एका वाक्यात एकच काम. "आणि" आला की तिथं तोडता येतं का बघा. काका सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, त्यामुळं पाच मिनिटांचा मजकूर पाचशे-साडेपाचशे शब्दांच्या पुढं जाऊ नये. त्यातही हातानं करून दाखवायला वेळ जातो.

कंसात जे लिहिलंय ते बोलायचं नाही, करायचं.

काकांचा मजकूर

राम राम मंडळी. सोयाबीन पेरायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. आज एकच गोष्ट सांगतो. घरातलं बियाणं उगवणार किती, ते पेरायच्या आधी कसं ओळखायचं.

(मूठभर सोयाबीन दाखवा.) हे माझं घरचं बियाणं. बघा, दिसायला कसं आहे? चांगलं आहे ना? पण सोयाबीनचं साल पातळ असतं. आत अंकुर असतो. पोतं जोरात आपटलं तरी तो अंकुर मरतो. वरून काही कळत नाही. म्हणून डोळ्यावर जाऊ नका, भिजवून बघा.

आधी बियाणं चाळून घ्या. मग सगळ्या पोत्यांतून मूठ मूठ काढा. वरून काढा, खालून काढा, मधून काढा. चादरीवर एकत्र करा. त्यातले शंभर दाणे मोजा. निवडायचे नाहीत. लहान आला तर लहान घ्या. पुन्हा सांगतो, निवडायचे नाहीत.

(गोणपाट दाखवा.) हे तागाचं गोणपाट. प्लॅस्टिकचं पोतं नको. खताचं नको, औषधाचं नको. हे पाण्यात बुडवा. मग चांगलं पिळा. (पिळून दाखवा.) मुठीत दाबलं, हात ओला झाला, पण थेंब पडला नाही. बस, एवढंच ओलं पाहिजे. पाणी गळत असलं तर बी सडतं.

आता दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा. (दोन ओळी लावून दाखवा.) दाण्याला दाणा चिकटू देऊ नका. वर दुसरं ओलं गोणपाट टाका. चटईसारखी गुंडाळी करा. दोरीनं सैल बांधा. अशा तीन गुंडाळ्या करा. शंभर, शंभर, शंभर.

माठाजवळ ठेवा, सावलीत. रोज सकाळी हातानं पाणी शिंपडा. संध्याकाळी परत शिंपडा. सहा-सात दिवस थांबा.

(आठवडाभर आधीची गुंडाळी उघडा.) ही मी मागच्या आठवड्यात केलेली. आता मोजायचं. पण सगळेच मोड मोजायचे नाहीत. जवळ या, बघा.

(चांगलं रोप आणि गड्डा झालेला दाणा तळहातावर. थोडा वेळ गप्प.)

हे मूळ सरळ आहे. पांढरं आहे. दोन्ही डाळी चांगल्या आहेत. हे मोजायचं. आणि ह्याला मोड आलाय, पण मूळ नाही, नुसता गड्डा आहे. हे मोजायचं नाही. (चीर गेलेला दाणा दाखवा.) ह्याच्या डाळीला चीर आहे, हे पण नाही. बुरशी आलेला पण नाही. हे शेतात वर येत नाहीत.

माझ्या गुंडाळ्यांत मोड आले शंभरातले अठ्ठ्याहत्तर. पण खरे मोजले तर चौसष्टच निघाले.

आता किती पेरायचं? शंभरातले सत्तर आले, किंवा जास्त आले, तर एकरी तीस किलो. जास्त टाकू नका, झाडं दाटतात, लोळतात. सत्तरपेक्षा जेवढे कमी आले, तेवढे अर्धे किलो वाढवा. माझे चौसष्ट आले. सहा कमी. सहा अर्धे म्हणजे तीन किलो. म्हणून मी एकरी तेहतीस किलो टाकणार. माझं रान पाच एकर आहे. पंधरा किलो जास्त लागणार. ते मी आत्ताच भावाकडून आणून ठेवतोय.

साठच्या खाली आले, तर ते बियाणं पेरू नका. जास्त टाकूनही उपयोग नाही. ते मंडीत जाऊ द्या आणि दुसरं बियाणं बघा.

अजून एक. भिजवलेले दाणे परत पोत्यात टाकू नका. आणि विकतचं बियाणं आणलंत तरी असंच भिजवून बघा. बिल, पोतं, पोत्यावरची चिठ्ठी आणि मूठभर बियाणं जपून ठेवा.

आज ह्या गुंडाळ्या लावा. पुढच्या आठवड्यात किती आले ते मला कळवा.

मजकूर तपासायची खरी रीत

हा मजकूर घरातल्या शेती न करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा, इंदुरात नोकरी करणारी भाची असली तर उत्तम. वाचून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका, सगळेच हो म्हणतात. तिला दोन प्रश्न विचारा: "गोणपाट किती ओलं करशील?" आणि "माझ्या गुंडाळीत सदुसष्ट आले, मी एकरी किती टाकू?" दुसऱ्याचं उत्तर साडेएकतीस यायला हवं. तिनं हिशोब चुकवला तर "अर्धे किलो वाढवा" हे वाक्य आणखी एका उदाहरणानं सांगायचं, पण तेवढ्यासाठी सूत्र आणायचं नाही. ती "मोड आलेले मोजायचे" असं म्हणाली, तर मोजणीचा भाग अजून कच्चा आहे. तिथं बोलणं वाढवण्यापेक्षा दाखवणं वाढवा.

ऐकणाऱ्यांकडून हमखास एक प्रश्न येतो: गुंडाळीत ऐंशी आले होते, मग शेतात का नाही उगवलं? याचं उत्तर मजकुरात घालायचं नाही, पण काकांना ते पाठ असायला हवं. गुंडाळीत बियाण्याला हवं तेवढं पाणी आणि सावली मिळते. शेतात तसं नसतं. बी पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं, पेरणीवर जोरदार पाऊस येऊन काळ्या रानाची पपडी धरली, किंवा पुरता पाऊस व्हायच्या आधी, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पडायच्या आधीच घाई करून पेरलं, तर चांगलं बीही अडकतं. गुंडाळी बियाण्याबद्दल सांगते, रानाबद्दल नाही. कुणी "तपासणी केली म्हणजे पीक पक्कं" असं समजू नये, म्हणून काकांनी हे विचारल्यावर सरळ सांगायचं.

दुसरा प्रश्न विकतच्या बियाण्याचा येतो. पिशवीवर उगवण छापलेली असते, मग तपासायची कशाला? छापलेला आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो. त्यानंतर पिशवी गोदामात तापली किंवा वाहतुकीत आपटली, ते आकड्याला कळत नाही. पिशवीवर तपासणीची तारीख असते, ती बघायला सांगा. विकतचं बी औषध लावलेलं असेल तर भिजवल्यावर हात धुवायचे आणि ते गोणपाट परत वापरायचं नाही. घरच्या बियाण्याला मात्र उगवण बघून झाल्यावर, पेरायच्या वेळी औषध लावायचं.

रेकॉर्डिंगबद्दल दोनच गोष्टी. फोन काकांच्या तोंडाजवळ हवा आणि पंखा बंद हवा, नाहीतर आवाज वाऱ्यात जातो. आणि तळहातावरचे दाणे ऊन्हाऐवजी सावलीत दाखवा. ऊन्हात पांढरं मूळ आणि पांढरी बुरशी सारखीच दिसते.

शेवटी काकांनी महिना आणि गाव तोंडानं सांगावं: "मे महिन्याची अखेर, सांवेर." असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत राहतात. गव्हाच्या हंगामात कुणाला मिळाला तर त्याला कळलं पाहिजे की हे सोयाबीनच्या पेरणीआधीचं बोलणं आहे, आणि एकरी तीस किलो हा आकडाही सोयाबीनचाच आहे.